तेरा इंचांची बासरी की एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड?

सात वर्षांच्या मुलासाठी वाद्य घ्यायला आलेले आईबाप दुकानात साधारण एकच गोष्ट सांगतात. क्लासचं अजून काही ठरलेलं नाही, तोवर घरी वाजवायला काहीतरी हवंय, तर बासरी देऊ की कॅसिओ? (कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे तो कॅसिओच.) दुकानदार त्यांच्या बजेटचा अंदाज घेतो आणि उत्तर देतो. बासरी काही शे रुपयांत मिळते, बरा कीबोर्ड काही हजारांत जातो, त्यामुळे ‘आधी बासरी देऊन बघू, आवड दिसली तर पुढे कीबोर्ड’ असा हिशोब होतो. हा हिशोब पैशांच्या दृष्टीने बरोबर आहे, पण आवड अशी कळत नाही. कीबोर्डवर बोट ठेवलं की सूर तयार मिळतो. आडव्या बासरीत तो मुलाने स्वतःच्या ओठांनी तयार करायचा असतो. दोन महिन्यांनी मुलाने कीबोर्ड बाजूला टाकला तर त्याला सुरांशी खेळण्यात फारसा रस नसावा, असं निदान म्हणता तरी येतं. बासरी टाकली तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. कदाचित त्याला गाणं फार आवडत असेल आणि बासरीतून आवाजच आला नसेल.

आडवी बासरी वाजते ती फुंकीच्या भोकाच्या पलीकडच्या कडेवर. ओठांतून निघालेली हवेची बारीक धार त्या कडेवर आपटून दुभंगली पाहिजे, तरच आतला हवेचा स्तंभ कंप पावतो. धार जाड झाली, जरा वर गेली किंवा सरळ भोकात शिरली, की नुसती फुसफुस. मोठ्या माणसालाही पहिला सूर सापडायला काही दिवस लागू शकतात. मुलं तर जोर लावतात. भराभर फुंकल्याने त्यांना गरगरतं, आणि बासरी खाली ठेवली जाते. चक्कर आली की थांबायचं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. एका वेळी पाच-सात मिनिटं पुष्कळ झाली.

त्यात सात हे वय फुंकीच्या वाद्यासाठी अवघड आहे, आणि त्याचं कारण दातांत आहे. वरचे समोरचे दोन दुधाचे दात याच सुमाराला पडतात. कायमचे दात सात ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात, शेजारचे आणखी वर्षभराने. बासरी वाजवताना वरच्या ओठाला आतून या दातांचा आधार असतो. तिथे खिंडार असेल तर ओठ आत जातो आणि धार पसरते. आज सूर लागला, आठवड्याने दात पडला आणि सूर गेला, असं खरंच होतं. म्हणून बासरी घ्यायच्या आधी मुलाला ‘आ’ करायला लावा. समोरचे दात हलत असतील किंवा पडलेले असतील तर आडवी बासरी सहा-आठ महिने पुढे ढकलण्यात काही बिघडत नाही.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीच्या बाबतीत हेच झालं होतं, आणि वर आणखी एक घोळ होता. तिने टीव्हीवर बासरीवादन पाहिलं आणि हट्ट धरला. आजोबांनी हौसेने उत्तम बासरी आणून दिली, पण ती होती मैफिलीतली, तीस इंचांची. एवढी लांब बासरी शास्त्रीय संगीतात रुळवली ती पन्नालाल घोष यांनी (१९११–१९६०). त्यांना रागदारीसाठी खर्जातला, गंभीर आवाज हवा होता. आज आपण मैफिलीत बहुतेक वेळा ऐकतो ती पांढरी तीनची लांब बासरी याच परंपरेतली. ती बासरी त्या मुलीने धरली तेव्हा डाव्या हाताची तीन बोटं कशीबशी भोकांवर पोचली, पण उजव्या हाताची पसरता पसरेनात. शिवाय हात लांब करावे लागत असल्याने बासरीचं टोक खाली झुकत होतं, आणि टोक झुकलं की फुंकीचं भोक ओठांवरून सरकतं. आजोबा म्हणत होते, ‘अगं, सवय होईल.’ हात वाढल्याशिवाय ती सवय होणार नव्हती.

बासरीची लांबी आणि पट्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. सहा भोकांच्या बासरीत वरची तीन भोकं बंद केली की जो सूर येतो तो सा, आणि तो सा पेटीच्या ज्या पट्टीशी जुळेल ती त्या बासरीची पट्टी. पांढरी तीनची खर्जाची बासरी साधारण तीस इंच असते. पांढरी एकची मध्यम बासरी एकोणीस इंचांच्या आसपास, आणि पांढरी पाचची मध्यम बासरी तेरा इंचांच्या आसपास. सात वर्षांच्या हाताला ही शेवटचीच योग्य. तिच्यावर शेजारशेजारच्या भोकांमधलं अंतर साधारण दोन-सव्वादोन सेंटिमीटर असतं, तर लांब बासरीवर ते जवळपास दुप्पट होतं. मात्र दुकानात नुसतं ‘पांढरी पाच’ म्हणून भागत नाही, कारण त्याच पट्टीची खर्जाची लांब बासरीही मिळते. ‘पांढरी पाच, मध्यम, तेरा इंची’ असं पूर्ण सांगावं. पाच-सहा इंचांची खेळण्यातली बासरी मात्र घेऊ नये. भोकं इतकी जवळ असतात की बोटं एकमेकांवर चढतात, आणि आवाज किंचाळतो.

बोटं नीट बसतात की नाही हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. मुलाला सहाही भोकं बंद करून थोडं दाबून धरायला सांगा आणि दहापर्यंत आकडे म्हणा. मग बोटं उलटी करून बघा. प्रत्येक बोटाच्या गादीवर भोकाचा गोल वळ उमटलेला असतो. वळ पूर्ण गोल असेल तर भोक झाकलं गेलं. चंद्रकोरीसारखा अर्धाच असेल तर तिथून हवा निसटते आहे. बहुतेक मुलांत हे अर्धं वर्तुळ अनामिकेवर सापडतं. ते बोट सगळ्यात कमी ऐकतं, आणि मुलं बोटाच्या गादीऐवजी टोकाने भोक झाकायला जातात. वरच्या एकाच भोकातून हवा निसटली तरी खालची सगळी भोकं झाकून उपयोग नसतो. सूर फुटतो किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. घरचे म्हणतात फुंक जोरात मार, आणि दोष असतो बोटाचा.

सूर लागला की पुढची अडचण येते ती मध्यमावर. वरची तीन भोकं बंद म्हणजे सा, दोन बंद म्हणजे रे, एक बंद म्हणजे ग. आता पहिलंही उघडलं की शुद्ध म यावा, असं मुलाला साहजिकच वाटतं, पण येतो तीव्र म. शुद्ध म हवा तर पहिलं भोक अर्धं झाकावं लागतं, आणि अर्धं म्हणजे नेमकं किती हे कानाने ठरवायचं असतं. सात वर्षांचं मूल सारेगम वाजवायला जातं आणि चौथ्याच सुरावर अडखळतं. म्हणून घरच्या घरी सारेगमने सुरुवात करूच नये. उलट खाली यावं. चार भोकं बंद केली की मंद्र नि, पाच बंद केली की मंद्र ध, सहाही बंद केली की मंद्र प. यातला नि सोडला की प, ध, सा, रे, ग हे पाच सूर उरतात. भोक अर्धं झाकायला नको, जोरात फुंकून वरच्या सप्तकात जायला नको. भूप रागाचे हेच पाच सूर. एवढ्यात मुलाला मनाने कितीतरी चाली रचता येतात. त्यातही सुरुवात ग पासून करून एकेक बोट खाली ठेवत यावं. सहाही भोकं बंद करून प काढणं सगळ्यात कठीण असतं, ते शेवटी.

जत्रेत फुगेवाल्याकडे मिळणाऱ्या बासरीबद्दल एवढंच, की दिसायला ती खऱ्यासारखी असते, पण बरेचदा सगळी भोकं एकसारख्या आकाराची आणि समान अंतरावर पाडलेली असतात. सूर असे समान अंतरावर बसत नाहीत. बासरी बनवणारा कारागीर तापलेल्या सळईने भोक पाडतो, वाजवून बघतो, किंचित मोठं करतो, पुन्हा बघतो. ते कष्ट जत्रेच्या बासरीत नसतात. अशा बासरीवर मूल बरोबर वाजवत असलं तरी चाल ओळखू येत नाही, आणि आपल्यालाच जमत नाही असं त्याला वाटतं. चांगली बासरी घेतानाही दुकानदाराकडून ती वाजवून घ्यावी आणि फोनवर ट्यूनरचं ॲप उघडून ठेवावं. सगळे सूर थोडे वर किंवा सगळे थोडे खाली दिसले तर तो फुंकीचा फरक आहे, काळजी नको. बाकीचे जागेवर आणि एखादाच भलतीकडे गेला तर ते भोक चुकलं आहे. ती बासरी परत ठेवावी. बांबूला उभी चीर नाही ना, हे उजेडात धरून बघावं. उन्हाळ्यात गाडीत राहिलेली बासरी हमखास चिरते.

आडवी बासरी जमत नसेल आणि फुंकायचंच असेल, तर प्लास्टिकचा रेकॉर्डर हा चांगला मधला मार्ग आहे. हा उभा धरायचा, चोचीसारख्या तोंडात फुंकायचं, आणि आवाज पहिल्याच फुंकरीला येतो, कारण हवेची धार कडेवर नेण्याचं काम आतली खाचच करते. दात पडलेले असले तरी फारसं अडत नाही. लहान सोप्रानो रेकॉर्डर साधारण तेहेतीस सेंटिमीटरचा असतो. त्याला पुढे सात भोकं आणि मागे अंगठ्याचं एक. पहिले तीन सूर एकट्या डाव्या हातावर निघतात. रेकॉर्डर दोन प्रकारचे मिळतात, जर्मन आणि बरोक, आणि दुकानदाराला बरेचदा हा फरक माहीत नसतो. पुढची भोकं वरून मोजा. पाचवं चौथ्यापेक्षा लहान असेल तर जर्मन, चौथं लहान असेल तर बरोक. जर्मन प्रकारात सुरुवातीचा एक सूर सोपा होतो, पण पुढे काही काळे सूर बेसूर लागतात, म्हणून बरोक घ्यावा. रेकॉर्डरवर बोटं झाकायची आणि हळू फुंकायची सवय होते, ती बासरीला उपयोगी पडते. ओठांची कला मात्र त्याने येत नाही. आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, जोरात फुंकलेला रेकॉर्डर कानात घुसतो.

आता कीबोर्ड. इथे पट्ट्या किती यापेक्षा पट्टी केवढी हे महत्त्वाचं. खेळण्याच्या दुकानात बत्तीस किंवा चव्वेचाळीस बारक्या पट्ट्यांचे मिळतात. सात वर्षांच्या हाताला ते छान बसतात आणि तिथेच फसायला होतं. हात त्या अंतराला सरावतो, आणि क्लासमध्ये पूर्ण आकाराचा कीबोर्ड किंवा पेटी समोर आली की प्रत्येक बोट चुकीच्या जागी पडतं. दुकानात मोजपट्टी न्यावी. सा पासून नि पर्यंतच्या सात पांढऱ्या पट्ट्यांची एकूण रुंदी साडेसोळा सेंटिमीटरच्या जवळपास भरली तर पट्ट्या पूर्ण आकाराच्या. लहान हाताचं काय, तर सुरुवातीला पाच बोटं पाच शेजारच्या पट्ट्यांवर ठेवायची असतात. तेवढं अंतर बारा सेंटिमीटरांच्या आतच आहे, आणि तेवढा हात सात वर्षांच्या मुलाचा उघडतो. एकोणपन्नास पट्ट्या म्हणजे चार सप्तकं, एकसष्ट म्हणजे पाच. दोन्ही चालतील. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो या टप्प्यावर घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट बोटाच्या जोराची. हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर मोठा आवाज येतो का, हे वाजवून बघा. स्वस्त कीबोर्डमध्ये कसंही दाबा, आवाज सारखाच. मग मूल ठोकायला शिकतं, कारण हळुवार वाजवून पदरात काहीच पडत नाही. ही सोय असलेला कीबोर्ड थोडा महाग पडतो, पण दोनशे आवाज आणि शंभर ताल यांच्यापेक्षा ती जास्त कामाची. त्या तालांची तर अडचणच होते. बटण दाबलं की ढोल-गिटार सुरू होतात, मूल एका बोटाने काहीही दाबतं, गाणं झाल्यासारखं वाटतं आणि घरचे टाळ्या वाजवतात. पहिले काही आठवडे तालाची आणि डेमोची बटणं कागदी टेपने झाकून टाकावीत. पट्ट्यांवर सारेगमचे स्टिकरही चिकटवू नयेत. मूल स्टिकर वाचत बसतं आणि कान बंद राहतात. दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या डावीकडची पांढरी म्हणजे सा, एवढी एक खूण पुरते, आणि ती मुलाला एका दिवसात सापडते.

बसायची उंचीही बघावी. जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला तर तो लहान मुलाच्या छातीशी येतो, कोपर हवेत राहतात आणि खांदे वर चढतात. आपल्याकडचा चौरंग यासाठी उत्तम. मूल मांडी घालून बसलं की हाताचा कोपरापासूनचा भाग पट्ट्यांना जवळपास समांतर येतो. खुर्चीच हवी तर पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट द्यावा.

त्या मुलीच्या घरी पुढे असं झालं. तीस इंची बासरी आजोबांनी स्वतःसाठी ठेवली. आत्याच्या माळ्यावर एकसष्ट पट्ट्यांचा जुना कीबोर्ड पडून होता, तो खाली काढला. जुना कीबोर्ड तपासायची पद्धत अशी: बॅटरीचा कप्पा उघडून आत पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का बघायचं. प्रत्येक पट्टी एकेकदा वाजवायची, मग चार-पाच एकदम दाबून सगळ्यांचा आवाज येतो का ते ऐकायचं. ॲडॅप्टर हरवला असेल तर पिन बसते म्हणून कुठलाही लावायचा नाही. कीबोर्डच्या मागे व्होल्ट आणि टोकांची खूण छापलेली असते, ती जुळवायची. या कीबोर्डच्या दोन पट्ट्या मुक्या निघाल्या. दुरुस्तीवाल्याने उघडून आतली रबरी पट्टी पुसली आणि त्या बोलू लागल्या.

पहिले पंधरा दिवस तिने डेमो वाजवायची परवानगी मागण्यात घालवले. नंतर एकदा शाळेतल्या प्रार्थनेची चाल शोधायला बसली. तिसरा सूर चुकला की ती थांबायची, तोंडाने चाल म्हणायची, शेजारची पट्टी दाबून बघायची, मान हलवायची, पुन्हा पहिल्यापासून. कुणी सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर क्लास लावावा की नाही याचं याहून स्पष्ट उत्तर घरी मिळत नाही. रोज अर्धा तास बसते की नाही हे मोजू नका, चुकलेला सूर तिला ऐकू येतो का आणि तो सुधारावासा वाटतो का, हे बघा. ज्या मुलाला चुकीचा सूर चालून जातो त्याला कीबोर्ड आवडत असेलही, पण क्लासची घाई नाही.

समोरचे दात आल्यावर तिला तेरा इंची बासरीही मिळाली, आणि इथे दोन्ही वाद्यं एकमेकांच्या उपयोगी पडली. पांढरी पाचच्या बासरीवरचे प, ध, सा, रे, ग कीबोर्डवर शोधले तर पांढरी दोन, पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा, पांढरी सात. एकही काळी पट्टी लागत नाही. ती कीबोर्डवर सूर वाजवते आणि बासरीवर तोच पकडायला बघते, किंवा आजोबा एक वाजवतात आणि ती दुसरं. सूर खाली लागला की तिलाच कळतं.

क्लास लावायची वेळ आली की पुढची खरेदी मात्र आधी करू नये, गुरुजींना विचारून करावी. बासरी शिकवणारे आपापल्या आवडीच्या पट्टीची बासरी सांगतात, आणि वर्गातली सगळी मुलं त्याच पट्टीत वाजवतात. एकट्याची पांढरी पाच तिथे चालत नाही. बासरीत पट्टी बदलायची म्हणजे बासरीच बदलायची, बोटं मात्र तीच राहतात. कीबोर्डवर उलटं होतं. वाद्य तेच राहतं, पण गुरुजींनी काळी एकचा सा धरला की बोटांना सगळा रस्ता नव्याने शिकावा लागतो. कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण तो त्रास वाचवतं, पण पेटी शिकवणाऱ्या बऱ्याच शिक्षकांना ते बटण आवडत नाही. क्लासमध्ये नाव घालताना तुम्ही कुठल्या पट्टीत शिकवता, घरी कोणतं वाद्य असायला हवं, आणि बासरी असेल तर किती इंची, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत.